'सेव्हज नाइन' की 'सेव्हज टाइम'? इंग्रजी म्हणींचा उत्तरार्ध निवडताना

प्रश्न : मॅडम, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. शाळा-कॉलेज मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी म्हणी अर्थासकट पाठ आहेत, तरी 'म्हण पूर्ण करा' या प्रश्नात चार पर्याय समोर आले की चुकतो. मागच्या सराव परीक्षेत 'अ स्टिच इन टाइम'पुढे 'सेव्हज टाइम', 'बर्ड्स ऑफ अ फेदर'पुढे 'फ्लाय टुगेदर' आणि 'बार्किंग डॉग्ज'पुढे 'नेव्हर बाइट' निवडलं. तिन्ही चुकलं. अर्थ तर तोच होतो ना? मग ओळखायचं कसं?

उत्तर :

तुमच्या तीन चुकांची कारणं तीन वेगवेगळी आहेत, त्यामुळे त्या एकेक करून पाहू. पण त्याआधी एक मराठी म्हण घ्या. 'कामापुरता' असं म्हणून मी थांबले, तर तुम्ही क्षणात 'मामा' म्हणाल. मी पर्यायात 'काका' दिला, 'भाऊ' दिला, 'मित्र' दिला, तरी तुम्ही तिकडे बघणारही नाही. अर्थाने मात्र चारही चालतात. कामापुरती ओळख ठेवणारा माणूस काका असला म्हणून काय बिघडलं? 'मामा' बरोबर आहे कारण 'काम' आणि 'मामा' कानाला जुळतात. 'नव्याचे नऊ दिवस'मध्ये आठ किंवा दहा दिवस का नाहीत, याचंही उत्तर तेच.

इंग्रजी म्हणीत आपल्याला हा कान जन्मतः मिळालेला नाही. आपण त्या पुस्तकातून शिकलो, म्हणजे डाव्या बाजूला म्हण आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ अशा. लक्षात राहतो तो अर्थ, शब्द पुसट होतात. प्रश्न काढणारा नेमकं हे ओळखून असतो. मी गेली अनेक वर्षं सराव प्रश्नपत्रिका काढते, म्हणून सांगते की चुकीचा पर्याय बनवताना आम्ही अर्थाला सहसा हात लावत नाही. अर्थ तसाच ठेवून त्यातला एखादा शब्द बदलतो. म्हणून अर्थाच्या आधारावर पर्याय निवडायला गेलात तर चारही खरे वाटणार.

आता तुमची पहिली चूक. 'अ स्टिच इन टाइम' याच्या पुढे समजा असे पर्याय आहेत : 'सेव्हज टाइम', 'सेव्ह नाइन', 'सेव्हज द नाइन' आणि 'सेव्हज नाइन'. म्हणीमागचं चित्र आधी डोळ्यासमोर आणा. सदऱ्याची शिवण एका जागी उसवली आहे. आत्ताच एक टाका घातला तर काम भागतं. राहू दिली तर उसवण वाढत जाते आणि मग नऊ टाके घालावे लागतात. म्हणजे वाचतात ते टाके. 'नाइन'च्या पुढे 'स्टिचेस' हा शब्द गुपचूप बसला आहे, तो बोलायची गरज नाही. 'इन टाइम' म्हणजे 'वेळेवर'. तुम्ही 'टाइम' हा शब्द पाहिलात, मराठीत मनाशी 'वेळ वाचतो' असं म्हणालात, आणि हात 'सेव्हज टाइम'कडे गेला. वेळ वाचतो हे खरंच आहे, पण म्हण वेळेचा हिशेब करत नाही, टाक्यांचा करते.

उरले तीन. 'अ स्टिच' एकवचनी, त्यामुळे क्रियापदाला शेवटी 'ज'चा उच्चार हवा, म्हणून 'सेव्ह नाइन' बाद. 'द नाइन' म्हटलं तर आधी ज्यांचा उल्लेख झाला आहे असे ठरावीक नऊ होतात, आणि इथे तसे कोणतेच ठरलेले नाहीत, म्हणून तेही बाद. राहिलं 'सेव्हज नाइन'. नऊच का, आठ का नाहीत? 'टाइम' आणि 'नाइन' मोठ्याने म्हणून बघा. मधला 'आइ' एकच आहे आणि शेवटी दोन्हीकडे नाकातला आवाज आहे. पूर्ण यमक नाही, पण कानाला पुरेल एवढं साम्य आहे. 1732 साली इंग्लंडमध्ये टॉमस फुलर यांनी छापलेल्या म्हणींच्या संग्रहात ती 'मे सेव्ह नाइन' अशी आहे. पुढे 'मे' गळला, 'नाइन' मात्र हलला नाही, कारण तो आवाजाने बांधलेला होता.

आता 'बर्ड्स ऑफ अ फेदर'. ही चूक मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथे नुसता कान पुरत नाही. पर्याय असे असतात : 'फ्लाय टुगेदर', 'लिव्ह टुगेदर', 'फ्लॉक टुगेदर', 'फ्लॉक फॉरेव्हर'. 'फेदर' आणि 'टुगेदर' यांचं यमक ऐकलं की 'फॉरेव्हर' गेलं. पण यमक तिघांकडेही आहे, म्हणून पुढच्या आवाजाकडे जा. 'फेदर'चा 'फ' पुढे पुन्हा वाजला पाहिजे. 'लिव्ह'मध्ये तो नाही. तरीही दोन उरतात, 'फ्लाय' आणि 'फ्लॉक', आणि कान इथे थांबतो. तुम्ही इथपर्यंत नकळत बरोबर आला होतात. चुकलात ते शेवटच्या पायरीवर.

इथे चित्राकडे परत जायचं. 'ऑफ अ फेदर'मधला 'अ' म्हणजे 'एकाच', म्हणजे एकाच पिसाऱ्याचे, एकाच जातीचे पक्षी. ते काय करतात असं म्हण सांगते? उडतात हे नव्हे, कारण उडतात तर सगळेच पक्षी. एकाच जातीचे पक्षी एकत्र जमतात, थवा करतात, हे सांगायचं आहे. 'फ्लॉक' म्हणजे थवा, कळप, आणि क्रियापद म्हणून थव्याने जमणे. इंग्रज माणसाला पक्ष्यांच्या जमण्यासाठी हाच शब्द आधी सुचतो. आपल्याला 'फ्लाय' ओळखीचा आणि 'फ्लॉक' परका, म्हणून आपण ओळखीच्या शब्दाकडे झुकतो. 1545 मध्ये विल्यम टर्नर या इंग्रज लेखकाने ही म्हण लिहिली तेव्हा त्यात 'फ्लॉक अँड फ्लाय' अशी दोन्ही क्रियापदं होती. बोलता बोलता म्हण आखूड झाली तेव्हा 'फ्लाय' गळालं आणि 'फ्लॉक' टिकलं, कारण म्हणीचा अर्थ त्याच्यात होता.

यावरून एक सवय लावून घ्या. दोन पर्याय सारखेच बरोबर वाटत असतील आणि त्यातला एक शब्द रोजचा, दुसरा जरा अनोळखी असेल, तर अनोळखी शब्दाकडे दोनदा पाहा. चुकीचे पर्याय बनवणारा माणूस बहुतेक वेळा अवघड शब्द काढून सोपा घालतो. उलटं क्वचित होतं. हा नियम नाही, फक्त कल आहे. एवढ्यावर विसंबून खूण करू नका, पण अडलात तर उपयोगी पडतो.

तिसरी चूक, 'बार्किंग डॉग्ज'. इथे तुम्हाला मराठीने ओढलं. आपण 'भुंकणारे कुत्रे चावत नाहीत' म्हणतो, 'गरजेल तो पडेल काय' म्हणतो. दोन्हीकडे साफ नकार आहे. म्हणून इंग्रजीतही 'नेव्हर' किंवा 'डू नॉट' बरोबर वाटतं. पण प्रचलित इंग्रजी म्हण आहे 'बार्किंग डॉग्ज सेल्डम बाइट'. 'सेल्डम' म्हणजे क्वचितच. इंग्रजीने इथे थोडी जागा सोडली आहे : चावत नाहीत, पण एखादा चावेलही. मराठी अर्थ पाठ करताना ती जागा बुजून जाते.

याच म्हणीचं एक एकवचनी रूपही चालतं, 'अ बार्किंग डॉग नेव्हर बाइट्स', आणि त्यात 'नेव्हर' आहे. म्हणून प्रश्नातला पूर्वार्ध नीट वाचा. सुरुवात अनेकवचनी असेल आणि पर्यायात 'सेल्डम बाइट' असेल तर तेच घ्या. सुरुवात 'अ बार्किंग डॉग' अशी असेल तर शेवटी 'बाइट्स' असलेलाच पर्याय बघा, बाकीचे आपोआप गळतात.

मराठीची ही ओढ आणखी पुष्कळ ठिकाणी फसवते. सर्वांत जास्त विद्यार्थी पडतात ते 'कट युवर कोट अकॉर्डिंग टु युवर' या म्हणीत. पर्यायांत 'क्लॉथ', 'साइझ', 'नीड', 'इन्कम' असे शब्द असतात. आपल्या डोक्यात 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असतं, म्हणजे मापाची गोष्ट; आणि कोट तर मापानेच शिवतात, म्हणून 'साइझ' अगदी बरोबर वाटतो. ज्याला म्हणीचं तात्पर्य आठवतं तो 'इन्कम' निवडतो. पण इथे बोलतोय तो शिंपी. त्याच्या हातात कापड आहे तेवढंच आहे; जेवढं कापड तेवढा कोट. आपल्या म्हणीत अंथरूण जे काम करतं ते इथे कापड करतं. शिवाय 'कोट' आणि 'क्लॉथ' हे दोन्ही 'क'ने सुरू होतात, ती जोडी कानाला सांभाळते.

'स्पेअर द रॉड' हीही तशीच. पर्यायात 'अँड सेव्ह द चाइल्ड' दिसला की चांगल्या मनाचे विद्यार्थी तो निवडतात. छडी बाजूला ठेवा आणि मुलाला वाचवा, आजच्या काळाला हेच शोभतं. मलाही ते पटतं. पण जुनी म्हण अगदी उलटं सांगते : 'स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड', म्हणजे छडी वापरली नाहीत तर मूल बिघडेल. 'छडी लागे छमछम' म्हणणाऱ्यांच्या मताची ही म्हण. यातलं 'अँड' हे 'आणि' नाही, 'तर मग' आहे, ते कळलं की सगळं उलगडतं. 'स्पेअर' आणि 'स्पॉइल' यांतला 'स्प' दोनदा वाजतो, ही दुसरी खूण. म्हणीचं म्हणणं आपल्याला पटतं की नाही हा विचार परीक्षागृहाबाहेर करायचा. तिथे फक्त लोक काय म्हणत आले आहेत ते आठवायचं.

व्याकरणाबद्दल थोडं सांगते. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध जिथे जुळतात त्या सांध्यावर बोट ठेवायचं. 'यू मे लीड अ हॉर्स टु द वॉटर, बट यू कॅनॉट मेक हिम' याच्या पुढे 'ड्रिंक', 'टु ड्रिंक', 'ड्रिंकिंग' असे पर्याय आले, तर म्हण आठवायची गरजही नाही. 'मेक'नंतर क्रियापद साधं, 'टु'शिवाय येतं. 'लेट स्लीपिंग डॉग्ज'पुढे 'लाय' की 'ले'? पडून राहणे म्हणजे 'लाय'. 'ले' म्हणजे काहीतरी ठेवणे, आणि त्याला कर्म लागतं. अशा ठिकाणी व्याकरण तुम्हाला पूर्ण उत्तर देतं.

पण ते सगळीकडे लावू नका. म्हणी आजच्या व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जुन्या आहेत. 'अर्ली टु बेड अँड अर्ली टु राइझ' यात दोन गोष्टी आहेत, म्हणून पुढे 'मेक अ मॅन' हवं असं हुशार विद्यार्थी म्हणतात. म्हणीत 'मेक्स' आहे, कारण लवकर निजून लवकर उठणं ही एकच सवय धरली आहे. पुढचे तीन शब्दही 'हेल्दी, वेल्दी अँड वाइझ' याच क्रमाने, कारण शेवटच्या 'वाइझ'चं यमक 'राइझ'शी आहे. पर्यायांत हे तीन शब्द उलटसुलट मांडलेले असतात. 'ऑल दॅट ग्लिटर्स'पुढेही 'इज नॉट गोल्ड' आहे. शब्दशः वाचलं तर चकाकणारं काहीच सोनं नाही असा अर्थ निघेल, म्हणून कुणीतरी 'इज नॉट ऑल्वेज गोल्ड' निवडतो. शेक्सपिअरने 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ही ओळ 'ग्लिस्टर्स' अशी लिहिली आहे. आज 'ग्लिटर्स' म्हणतात, पण उत्तरार्ध तोच आहे. चुकीचा पर्याय मूळ म्हणीपेक्षा जास्त तर्कशुद्ध असू शकतो, हे या म्हणीवरून पक्कं लक्षात ठेवा.

काही म्हणींत चित्रही आपलं नसतं. 'वन स्वॅलो डझ नॉट मेक अ' याच्या पुढे 'समर' की 'स्प्रिंग'? आधी तर 'स्वॅलो' म्हणजे गिळणे नव्हे, भिंगरी नावाचा पक्षी. इंग्लंडमध्ये तो दक्षिणेकडून साधारण एप्रिलमध्ये येतो, म्हणजे ऊब येऊ लागल्याची ती खूण. पण एक भिंगरी दिसली म्हणून उन्हाळा आला असं होत नाही, असं म्हण म्हणते. आपल्याकडे भिंगऱ्या हिवाळ्यात पाहुण्या म्हणून येतात, म्हणून उन्हाळ्याशी त्यांचा संबंध आपल्या डोळ्यांना पटत नाही. त्यात एप्रिल हा तिकडे वसंत, म्हणून 'स्प्रिंग' हा पर्याय आणखी खरा वाटतो. ॲरिस्टॉटलच्या ग्रीकमध्ये खरोखर वसंतच आहे. इंग्रजीत मात्र 'समर' रुजलं. 'स्वॅलो' आणि 'समर' दोन्ही 'स'ने सुरू होतात हे लक्षात ठेवायला मदत करतं, पण 'स्प्रिंग'ही 'स'नेच सुरू होतो, त्यामुळे ही म्हण पाठच करावी लागते. अशा म्हणी फार नाहीत. त्यांची वेगळी यादी करा.

आता जिथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून असतं त्याबद्दल. काही म्हणींची दोन-तीन रूपं खरोखरच चालतात. 'एम्प्टी व्हेसल्स' म्हणजे आपल्या 'उथळ पाण्याला खळखळाट फार'ची बहीण. तिच्यापुढे 'मेक द मोस्ट नॉइज', 'मेक द मोस्ट साउंड' आणि आपल्याकडच्या पुस्तकांत 'मेक मच नॉइज' अशी सगळी रूपं सापडतात. 'काउंट युवर चिकन्स'मध्ये शेवट 'बिफोर दे हॅच' असाही येतो आणि 'बिफोर दे आर हॅच्ड' असाही. 'अ लिटल नॉलेज इज अ डेंजरस थिंग' सगळ्यांना माहीत असतं. अलेक्झांडर पोप यांनी 1711 मध्ये लिहिलं ते 'अ लिटल लर्निंग' होतं. चांगला प्रश्न काढणारा अशा दोन रूपांना एकाच प्रश्नात समोरासमोर उभं करत नाही. पण तसं झालंच, तर तुमच्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत कोणतं रूप आलं होतं ते धरा. म्हणूनच मी सांगते की म्हणींची यादी कुठल्याही मार्गदर्शकातून करा, पण ती जुन्या प्रश्नपत्रिकांशी ताडून घ्या. एमपीएससीसारख्या परीक्षेत पहिली उत्तरतालिका आल्यावर हरकत घेता येते; दोन्ही रूपं खरी असतील तर शब्दकोशाचा पुरावा जोडून ती घ्यावी.

दोन रूपांचा प्रश्न एका म्हणीत आणखी वेगळा होतो. 'प्राइड गोज बिफोर' याच्या पुढे पर्यायांत 'अ फॉल' आणि 'डिस्ट्रक्शन' दोन्ही दिसले, तर बायबल वाचलेला विद्यार्थी अडखळतो. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये गर्व विनाशाच्या आधी येतो आणि ताठा पडण्याच्या आधी, अशी दोन वाक्यं शेजारीशेजारी आहेत. लोकांनी पहिल्याची सुरुवात घेतली आणि दुसऱ्याचा शेवट जोडला. म्हणून म्हण म्हणून विचारलं असेल तर 'अ फॉल'. इथे मराठी मदत करते, फसवत नाही : 'गर्वाचे घर खाली', आणि 'फॉल' म्हणजे खालीच येणं.

प्रत्यक्ष परीक्षेत मी विद्यार्थ्यांना एवढंच करायला सांगते. पूर्वार्ध वाचला की पर्यायांवर हात ठेवा. संगणकावर असाल तर नजर वर करा. आधी शेवट मनात म्हणा, ओठ हलवून म्हणा, मग पर्याय पाहा. तुम्ही म्हटलेला शेवट त्यात असेल तर खूण करून पुढे जा, बाकीचे तीन वाचूच नका. वाचलेत की ते पटायला लागतात. शेवट आठवलाच नाही, तर आधी सांधा तपासा, मग मोठ्या शब्दांचे आवाज जुळतात का ते ऐका, आणि तरीही दोन उरले तर म्हण कुठल्या कामातून आली आहे, शिंप्याच्या, शेतकऱ्याच्या की शिकाऱ्याच्या, ते चित्र आठवा. चुकीला गुण कापत असतील आणि तीन-चार पर्याय उरलेच असतील, तर तो प्रश्न सोडलेला बरा. दोनच उरले असतील तर मी खूण करते.

घरी सराव करताना अर्थ लिहिणं काही दिवस थांबवा. अर्थ तुम्हाला येतो. वहीच्या पानाची मधोमध घडी घाला, डावीकडे पूर्वार्ध आणि उजवीकडे उत्तरार्ध लिहा, आणि उजवी बाजू दुमडून रोज दहा म्हणी मोठ्याने पूर्ण करा. मनात वाचून कान तयार होत नाही, आवाज बाहेर आला पाहिजे. चुकलेल्या म्हणीपुढे तुम्ही काय निवडलं होतं आणि कशाने ओढलं ते एका शब्दात लिहा. तुमच्या तीन चुकांपुढे मी असं लिहीन : 'स्टिच'पुढे 'चित्र', 'फेदर'पुढे 'ओळखीचा शब्द', 'बार्किंग'पुढे 'मराठी'. महिनाभराने हे शब्द मोजा. 'मराठी' सर्वांत जास्त वेळा आला असेल, तर त्या म्हणींच्या शेजारी तिची मराठी बहीण लिहा आणि दोघींतला फरक खाली अधोरेखित करा : अंथरुणाशेजारी कापड, 'चावत नाहीत'च्या शेजारी 'सेल्डम'.